सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला एका भाडेकरूचं खुलं पत्र: धूर, बोंबील आणि दुपारचं भुंकणं

मा. अध्यक्ष, सचिव आणि समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

मी आपल्या सोसायटीच्या बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर तीन वर्षांपासून भाड्याने राहते. सोसायटीचं नाव इथे लिहीत नाही, कारण कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठल्याही सोसायटीत हे पत्र जसंच्या तसं लागू पडेल. फ्लॅटचे नंबर बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांना पत्र आधी दाखवून त्यांची हरकत नाही ना, हे विचारून घेतलं आहे.

पत्राचं निमित्त म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेसमोर आपण ठेवणार असलेला ठराव. त्याचा मसुदा लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागला आहे. ‘धूम्रपान, उग्र वासाचे पदार्थ व पाळीव प्राणी यांबाबत तीन तक्रारी आल्यास संबंधित भाडेकरूस फ्लॅट रिकामा करण्यास सांगण्यात यावे’ असं त्यात म्हटलं आहे. सभेत मला मत नाही. भाडेकरू फार तर नाममात्र सभासद असतो आणि नाममात्र सभासद हात वर करू शकत नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी एक कबुली देते. गेल्या डिसेंबरात ३०३ मधल्या मुलांबद्दल आपण जी नोटीस पाठवलीत, तिची सुरुवात माझ्यापासून झाली होती. ग्रुपवर मी लिहिलं होतं, ‘बी विंगमध्ये काही जण संडासात बसून सिगरेटी ओढतात. वर लहान मुलं राहतात याची थोडी तरी लाज बाळगा. कमिटीने दखल घ्यावी.’ दहा मिनिटांत अकरा अंगठे आले. कोणीतरी ‘बॅचलर लोकांना फ्लॅट देणं बंद करा’ असं लिहिलं. मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं, पण माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये तीन अविवाहित मुलं राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. दोन दिवसांनी नोटीस त्यांच्या घरमालकाला गेली, घरमालकाने एजंटला फोन केला आणि एजंटने मुलांना ‘अकरा महिने पूर्ण होतायत, पुढचं बघून ठेवा’ असं सांगितलं. ज्यांच्यावर आरोप होता, त्यांच्यापर्यंत तो सर्वांत शेवटी आणि तिसऱ्याच्या तोंडून पोचला.

मुलं त्याच रात्री वर आली. भांडायला आली असतील असं समजून मी सेफ्टी डोअर न उघडताच बोलले, याची मला आजही लाज वाटते. त्यांच्यापैकी दोघं सिगरेट ओढत नाहीत. तिसरा ओढतो, पण खालच्या टपरीवर, कारण घरात ओढायची नाही असं तिघांनीच आपसात ठरवलं आहे. त्याची नाइट शिफ्ट असते, सकाळी आठला तो घरी येतो. त्याने विचारलं, ‘ताई, तुम्हाला वास नक्की किती वाजता येतो?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘रोज येतो’ म्हणाले. रोज म्हणजे कधी, कुठल्या खोलीत, तेव्हा घरात काय चालू होतं, यातलं काहीही मी पाहिलं नव्हतं.

मग पाहायला लागले. मुलीच्या बालवाडीच्या जुन्या वहीत बारा दिवस नोंदी केल्या. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, वास पहिल्यांदा कुठे आला, कुठल्या खिडक्या उघड्या होत्या आणि कुठला पंखा चालू होता एवढंच लिहायचं. बारापैकी नऊ दिवस वास आला. ‘रोज’ हा शब्द तिथेच गळाला. वेळा जवळजवळ ठरलेल्या निघाल्या. सकाळी सहा ते साडेसहा आणि रात्री नऊच्या आसपास. सकाळी सहाला ३०३ मधला ओढणारा मुलगा ऑफिसात असतो आणि बाकीचे दोघं झोपलेले असतात.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला सुचली नसती. वास आला त्या जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे ‘चिमणी चालू’ असं लिहिलेलं होतं. सकाळी सहाला मी डब्याच्या पोळ्या करते, रात्री नऊला भाजी फोडणीला टाकते. ३०३ मधला एक मुलगा मेकॅनिकल शिकलेला आहे. वही वाचून तो हसला आणि उदबत्ती मागितली.

त्याने जे दाखवलं ते सविस्तर सांगते, कारण अशा तक्रारींचा निम्मा निकाल इथेच लागतो. न्हाणीघराच्या पट्ट्यांच्या खिडकीशी त्याने पेटती उदबत्ती धरली. स्वयंपाकघरातली चिमणी बंद होती, तेव्हा धूर सरळ वर जात होता. चिमणी चालू करून घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या, तसा धूर आडवा होऊन आत वळला. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते. तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. थंडीमुळे खिडक्या बंद असतील तर ती डक्टकडे उघडणाऱ्या न्हाणीघराच्या खिडकीतून येते. मग स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडली आणि उदबत्तीचा धूर पुन्हा सरळ झाला. म्हणजे डक्टमधला वास घरात ओढून घेत होते मीच, माझ्याच चिमणीने.

बाकीच्या वाटाही तपासल्या. नहाणीच्या ट्रॅपमध्ये पाणी नसेल तर पाइपातून वास वर येतो. न वापरलेल्या न्हाणीघरात हे हमखास होतं, कारण वास अडवणारं पाणी वाळून जातं. तिथे तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, काही फरक पडला नाही. दाराखालच्या फटीशीही उदबत्ती धरली, तिथे धूर जेमतेम हलला. उरला तो डक्ट.

मग धूर डक्टमध्ये येतो कुठून? आपल्या डक्टला फक्त ‘०३’ नंबरचे फ्लॅट लागतात. डिसेंबरात डक्टमधली हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार असते, ती वर चढते, म्हणून उगम आमच्या खालीच असण्याची शक्यता जास्त. ३०३ च्या मुलांनी कबुतरांमुळे आपल्या खिडकीवर अॅक्रिलिकची शीट बसवून घेतली होती. त्यामुळे खालून येणारा धूर त्यांच्या घरात न शिरता थेट आमच्याकडे यायचा. वास ‘खालून’ येतो एवढं माझं बरोबर होतं. खालचा म्हणजे लगेच खालचाच मजला, हे मीच धरून चालले होते.

आता खरा प्रश्न होता. १०३ आणि २०३ अशी दोन घरं उरली, दोन्ही घरांत फ्लॅटचे मालक राहतात. पुन्हा अंदाजाने एकाचं दार वाजवायचं माझ्यात धाडस नव्हतं. ग्रुपवर तर जायचंच नव्हतं. शेवटी डक्टला लागून असलेल्या सगळ्या घरांना एकच चिठ्ठी लिहिली. ती कागदावर लिहिली, कारण व्हॉट्सअॅपवरचा मजकूर फिरायला वेळ लागत नाही. चिठ्ठी अशी होती:

‘नमस्कार. मी बी-४०३ मध्ये राहते. गेल्या १२ दिवसांत ९ दिवस आमच्या न्हाणीघरात सिगरेटचा वास आला, बहुतेक सकाळी ६ ते ६.३० आणि रात्री ९ च्या सुमारास. उदबत्ती धरून पाहिल्यावर तो डक्टमधून येतो असं दिसलं. कुठल्या घरातून येतो ते आम्हाला माहीत नाही, म्हणून हीच चिठ्ठी डक्टला लागून असलेल्या सर्व घरांना देत आहे.

आपल्या घरात कोणी काय करावं हे सांगण्याचा हेतू नाही. आमची मुलगी चार वर्षांची आहे आणि तिची खोली न्हाणीघराला लागून आहे, म्हणून अडचण होते. डक्टकडच्या न्हाणीघराऐवजी रस्त्याकडच्या बाल्कनीत, आतलं दार लावून ओढणं जमेल का, एवढं पाहावं ही विनंती.

आमच्या बाजूने आम्ही चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायला लागलो आहोत आणि न्हाणीघरात झडपेचा एक्झॉस्ट फॅन बसवून घेत आहोत. आमच्या घरातल्या कशाचा तुम्हाला त्रास होत असेल तर तोही जरूर सांगा.

रविवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल. संध्याकाळी ७ नंतर मी घरी असते. ही चिठ्ठी समितीला किंवा ग्रुपवर दिलेली नाही.’

खाली माझं नाव आणि फोन नंबर.

ही चिठ्ठी मी तीनदा लिहिली. पहिल्या खर्ड्यात मुलीच्या खोकल्याबद्दल अर्धं पान होतं. ते काढलं. दुसऱ्याच्या विडी-सिगरेटचा धूर कितीही थोडा असला तरी सुरक्षित नसतो, हे डॉक्टर सांगतातच. पण माझ्या मुलीचा त्या महिन्यातला खोकला धुरामुळे होता की थंडीमुळे, हे मला सिद्ध करता येत नव्हतं. जे सिद्ध करता येत नाही ते चिठ्ठीत घातलं की समोरचा नेमकं तेच धरून वाद घालतो आणि खरी गोष्ट बाजूला राहते. दुसऱ्या खर्ड्यात सिगरेटबंदीच्या कायद्याचं वाक्य होतं. तेही खोडलं. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम सार्वजनिक ठिकाणी ओढायला मनाई करतात, दंड २०० रुपयांपर्यंत. स्वतःच्या घरातलं न्हाणीघर सार्वजनिक ठिकाण नाही. लागू नसलेल्या कायद्याचा धाक घालणारी चिठ्ठी वाचून मी स्वतःच चिडले असते.

‘समितीला दिलेली नाही’ हे वाक्य मात्र सासूबाईंनी घालायला लावलं. त्या म्हणाल्या, माणसाला आधी हे कळू दे की अजून गावभर झालेलं नाही. चिठ्ठीतलं सर्वांत कामाचं वाक्य तेच ठरलं.

शनिवारी संध्याकाळी २०३ चे काका स्वतः वर आले. सत्तरीच्या पुढचे. डॉक्टरांनी सिगरेट बंद करायला सांगितली आहे, घरच्यांना ती बंद झाली असं वाटतं, आणि दिवसातल्या दोन उरल्या आहेत त्या ते न्हाणीघरात एक्झॉस्ट लावून ओढत. ‘पंखा लावला की वास जातो असं वाटायचं मला,’ म्हणाले. जायचाच, आमच्याकडे. हे त्यांनी मला सांगावं असं चिठ्ठीत कुठेही मागितलेलं नव्हतं. आपलं नाव सर्वांसमोर येणार नाही याची खात्री होती, म्हणून ते आले.

आता ते सकाळची सिगरेट फेरफटका मारताना बागेच्या बाहेर ओढतात आणि रात्रीची बाल्कनीत. आम्ही झडपेचा पंखा बसवला. तो बंद असताना त्याच्या पट्ट्या मिटतात, त्यामुळे डक्टची हवा उलटी आत येत नाही. खिडकीच्या बाकीच्या पट्ट्या लावून घेतल्या. हे वाचून कोणी आपलं न्हाणीघर बंद करायला निघालं, तर आधी गीझर कुठला आहे ते बघा. आमचा विजेचा आहे. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर हवेची वाट कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो.

सगळं सुटलं असं म्हणणार नाही. पावसाळ्यात काका बाल्कनीत उभे राहू शकत नाहीत तेव्हा अधूनमधून वास येतो. पूर्वी बारा दिवसांत नऊदा यायचा, या जुलैत महिन्यात चारदा आला. बाल्कनीतला धूर ३०३ कडे जातो का, हे मी मुलांना विचारलं. ‘कधीतरी,’ म्हणाले. ते सहन करतात.

यात समितीची नोटीस कुठे उपयोगी पडली? ती चुकीच्या घरी गेली होती, हे सोडून देऊ. बरोबर घरी गेली असती तर? काका मालक आहेत. त्यांना ‘फ्लॅट रिकामा करा’ असं आपण म्हणणार नव्हता. फार तर जिन्यात भेटल्यावर ‘काका, जरा बघा हं’ असं कोणीतरी म्हणालं असतं. धूर तोच, डक्ट तोच, पण एका मजल्यावर त्याला जिन्यातला सल्ला आणि दुसऱ्या मजल्यावर घर सोडायची भीती. आपल्या ठरावात नेमका हाच फरक शब्दांत उतरला आहे.

आता माझ्या बोंबलांबद्दल. मार्चमध्ये आम्हाला ‘उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत’ अशी सूचना आली. तक्रार कोणाची, कुठल्या दिवसाची, काहीही लिहिलेलं नव्हतं. मी देवगडची. गावाहून सुके बोंबील येतात, रविवारी मी ते गॅसवर भाजते. ही सूचना वाचून मी काय करायचं होतं? बोंबील बंद, तर मग सुकट चालेल का? आणि लसणाची चटणी? शेजारच्या मजल्यावर हिंगाची फोडणी पडते तेव्हा आमच्या पडद्यांनाही वास लागतो, पण तो कोणाला ‘उग्र’ वाटत नाही. फ्लॅट बघायला गेलेल्या प्रत्येक भाडेकरूला एजंटने पहिल्या पाच मिनिटांत ‘नॉनव्हेज खाता का?’ हे विचारलेलं असतं. म्हणून ‘वास’ हा शब्द वाचला की आम्हाला वासापलीकडचंही ऐकू येतं. आपल्याला तसं म्हणायचं नसेल तर शब्द नेमके वापरावे लागतील.

त्या सूचनेमागची खरी गोष्ट मला दोन महिन्यांनी कळली. ५०३ च्या वहिनींनी लिफ्टमध्ये सहज सांगितलं. माझ्या चिमणीचा पाइप ड्राय बाल्कनीत निघतो. त्यांचे कपडे बरोबर वरच्या बाल्कनीत वाळत असतात, आणि रविवारी सकाळीच त्यांचं आठवड्याचं मोठं धुणं असतं. मुलाच्या शाळेच्या शर्टाला बोंबलाचा वास लागून मुलं त्याला चिडवत होती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं तर तेव्हाच उपाय झाला असता. आता मी बोंबील दुपारी दोननंतर भाजते, तोवर त्यांचे कपडे आत गेलेले असतात. कालवण करायचं असेल तर बोंबील आधी कोमट पाण्यात भिजवून झाकण ठेवून शिजवते. भाजण्याइतका वास त्यात सुटत नाही. माशाचं पाणी आणि काटे पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवते आणि सकाळी घंटागाडीत टाकते. वहिनींनी मला ‘मासे करू नका’ असं म्हटलं नाही आणि म्हणायचा त्यांना हक्कही नाही. वेळ, खिडकी, पाइपाचं तोंड, कचरा यांबद्दल शेजारी बोलू शकतो. कोणाच्या ताटात काय आहे, हा विषय ना शेजाऱ्याचा, ना समितीचा.

कुत्र्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. ४०१ मध्ये भाड्याने राहणारं जोडपं, दोघं नोकरीला जातात, घरात एक कुत्री. तिच्या भुंकण्याबद्दल ग्रुपवर रात्री अकराला जुंपायची. त्यांना मनापासून वाटायचं की लोक खोटं बोलतात, कारण ते घरी असताना ती गप्प असते. ४०४ च्या निवृत्त बाईंनी शेवटी कागदावर लिहून दिलं: ‘सोमवार ते शुक्रवार, ११.२० च्या सुमारास सुरू होतं, साधारण ४० मिनिटं चालतं. लिफ्टचं दार वाजलं की वाढतं. तुम्ही घरी असता तेव्हा कधीच होत नाही, म्हणून तुम्हाला कल्पना नसेल. फोनवर तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आहे, हवं तर पाठवते.’ तक्रारीचा एक शब्द नाही, निव्वळ माहिती. जोडप्याने दुसऱ्या दिवशी घरात जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. अकराच्या पुढे कुरियरवाले येतात आणि कुत्री मुख्य दारापाशीच झोपते, असं निघालं. तिला मागच्या खोलीत ठेवून मधलं दार लावायला लागले, पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांगितलं, दुपारी एक मुलगा येऊन तिला फिरवून आणतो. ती अजूनही भुंकते, पण चाळीस मिनिटं नाही.

आपल्या मसुद्यात पाळीव प्राण्यांबद्दल जे लिहिलं आहे, त्याबाबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचून घ्याव्यात. सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. आपल्या कुत्र्याचा इतरांना उपद्रव होऊ नये याची काळजी मालकाने घ्यावी, हेही त्यांत आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्र म्हणून धरली आहे. त्या वेळेतल्या भुंकण्याला दुपारच्या भुंकण्यापेक्षा जास्त वजन द्यावं हे मला पटतं. मात्र फोनवरच्या अॅपने मोजलेले डेसिबल तक्रारीला जोडू नयेत. दोन फोन एकाच खोलीत दोन आकडे दाखवतात आणि मग भांडण कुत्र्यावरून फोनवर जातं.

तीन तक्रारींच्या नियमाबद्दल शेवटचं. करार घरमालक आणि भाडेकरू यांच्यात असतो, सोसायटी त्यात पक्ष नाही. बहुतेक करारांत शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नये असं कलम असतं आणि ते मोडलं तर घरमालक त्याचं बघेल. पण ‘तीन तक्रारी’ म्हणजे काय? माझ्या त्या एका मेसेजखाली अकरा अंगठे होते. त्या अकरा तक्रारी धरायच्या का? तीनही चुकीच्या असतील तर? ३०३ च्या मुलांविरुद्ध तीन तक्रारी जमवायला मला त्या डिसेंबरात एक आठवडासुद्धा लागला नसता, आणि प्रत्येक वेळी मी खरं बोलते आहे असंच मला वाटलं असतं.

ठराव करायचाच असेल तर असा करा. समिती निनावी तक्रार घेणार नाही आणि ग्रुपवरच्या मेसेजला तक्रार मानणार नाही. तक्रार घेताना सचिवांनी आधी विचारावं, की शेजाऱ्याला लिहून दिलं होतं का, कधी दिलं आणि उत्तर काय आलं. ज्याला समोर जायची खरोखर भीती वाटते, त्याची चिठ्ठी सचिवांनी पोचवावी, पण नोंद वेळ आणि ठिकाणासह हवी. तक्रार घरमालकाला पाठवाल तेव्हा त्याच दिवशी, त्याच शब्दांत घरात राहणाऱ्यालाही द्या. डक्टचा मामला असेल तर त्या रांगेतल्या सगळ्या घरांना सारखंच पत्र जाऊ द्या, मालक राहत असो की भाडेकरू. एखाद्या रविवारी प्लंबरला बोलावून डक्टकडच्या खिडक्या आणि ट्रॅप बघून घ्या, कारण डक्ट सोसायटीचा आहे. आणि समितीच्या पुढच्या बैठकीत जो निर्णय होईल तो दोघांनाही लेखी कळवा. शेजाऱ्याने ऐकलंच नाही, चिठ्ठीला उत्तरच दिलं नाही, असंही होईल. तेव्हा ती वही आणि त्या चिठ्ठीची प्रत घेऊन माणूस आपल्याकडे येईल. निदान तपासायला आपल्या हातात काहीतरी असेल.

एक काम मात्र ठरावासाठी थांबू नये. ३०३ च्या मुलांबद्दलची डिसेंबरातली नोटीस अजून फायलीत आहे. त्यांच्या घरमालकाने करार वाढवला, पण ‘तुमच्यावर एक तक्रार आहे’ असं बजावून. तक्रार माझी होती आणि ती चुकीची होती, असं मी २२ डिसेंबरलाच सचिवांना लेखी दिलं आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून नाही. ती नोटीस मागे घेतल्याचं पत्र सभेच्या आधी घरमालकाला आणि मुलांना द्यावं आणि एक प्रत मला मिळावी.

आपली,
बी-४०३ मधली भाडेकरू